मीटर १६८ आणि लॅब १४१: दोष कोणाचा हे कसं ठरवायचं

एका वाचकाची प्रतिक्रिया:

"मागच्या लेखात घरच्या शुगर मीटरबद्दल 'पंधरा टक्के फरक चालतो' असं लिहून तुम्ही मीटर बनवणाऱ्यांना मोकळं सोडलंत. माझ्या आईचं (वय ७२, इन्सुलिन चालू) उदाहरण घ्या. सकाळी साडेसातला उपाशीपोटी लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. त्याला अजून चार घरं करायची होती, घाईतच होता. तो गेल्या गेल्या मी स्पिरिटने बोट पुसून मीटरवर पाहिलं तर १६८. संध्याकाळी लॅबचा रिपोर्ट आला १४१. हिमोग्लोबिन ९.२ आहे, ते जुनंच दुखणं. फरक १९ टक्के होतो. मीटर फेकून द्यायचं का? आणि अशा आकड्यांवर इन्सुलिनचा डोस ठरवायचा तरी कसा?"

नमस्कार.

तुमचं गणित बरोबर आहे. २७ चा फरक म्हणजे १४१ च्या १९ टक्के, आणि तो १५ च्या बाहेर आहे. त्या आकड्यावर तुम्ही घासाघीस केलीत हे चांगलंच झालं, कारण तो आकडा बहुतेक ठिकाणी अर्धाच सांगितला जातो. माझ्याही लेखात त्याला दोनच ओळी मिळाल्या होत्या. आता तो पुरा सांगते.

हा १५ टक्क्यांचा नियम आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीतला आहे. शुगर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर मीटरचे १०० पैकी किमान ९५ आकडे १५ टक्क्यांच्या आत हवेत. १०० च्या खाली टक्के लावत नाहीत, तिथे सरळ १५ मिलिग्रॅमची मुभा आहे. (सगळे आकडे प्रति डेसिलिटर, रिपोर्टवर असतात तसेच.) आता चाचणी कशी होते ते पाहा. किमान १०० जणांच्या बोटातून रक्त घेतात, प्रशिक्षित माणूस पट्टी लावतो आणि त्याच वेळी घेतलेल्या रक्ताचा प्लाझ्मा ताबडतोब वेगळा करून प्रयोगशाळेच्या पद्धतीने मोजतात. दोन्ही आकडे एकाच वेळचे, एकाच जागच्या ताज्या रक्ताचे. म्हणजे १५ टक्के ही मुभा मीटरच्या चुकीची आहे. बोटातलं रक्त आणि शिरेतलं रक्त यांच्यातला फरक, किंवा ट्यूब लॅबला पोचेपर्यंत गेलेला वेळ, यांची भरपाई त्यात धरलेलीच नाही. आईंच्या बाबतीत तुम्ही जी तुलना केलीत त्यात या दोन्ही गोष्टी आल्या, आणि माझ्या मते वेळ सर्वांत जास्त आली.

लॅबमध्ये काम करणाऱ्यांना हे रोज दिसतं, पण रुग्णाला कोणी सांगत नाही: शिरेतून काढलेलं रक्त ट्यूबमध्ये गेल्यावरही जिवंत असतं. त्यातल्या पेशी ग्लुकोज खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये, खोलीच्या तापमानाला, पेशी वेगळ्या केल्या नाहीत तर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के ग्लुकोज कमी होतं. उन्हाळ्यात दुचाकीच्या डिकीत हा वेग वाढतो. म्हणून शुगरसाठी राखाडी झाकणाची ट्यूब वापरतात, तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं. पण फ्लोराइडही लगेच काम करत नाही. पेशींमध्ये ग्लुकोज मोडण्याची जी साखळी असते तिचा शेवटाकडचा एक टप्पा ते अडवतं. वरचे टप्पे सुरूच राहतात, त्यामुळे पहिल्या तास-दोन तासांत घट जवळपास साध्या ट्यूबसारखीच होते, त्यानंतर आकडा स्थिरावतो. सायट्रेट असलेली ट्यूब पहिल्यापासूनच घट थांबवते, पण आपल्याकडे ती सहसा दिसत नाही.

आता आईंचा आकडा घेऊ. साडेसातला रक्त काढलं. पुढची चार घरं आणि मग लॅब, म्हणजे रक्त गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रात ट्यूब जायला दहा वाजले असं धरू. ट्यूब साधी असेल आणि तासाला ६ टक्क्यांनी घट झाली असेल, तर अडीच तासांत मूळ आकड्याच्या ८६ टक्केच उरतात. १४१ ला ०.८६ ने भागलं की १६४ येतात. मग तुमच्या मीटरचा १६८ फक्त ४ ने चुकला. ट्यूब राखाडी झाकणाची असेल आणि एकूण घट ५ टक्क्यांवर थांबली असेल, तर मूळ आकडा १४८ च्या आसपास होता आणि फरक २० म्हणजे साडेतेरा टक्के. हे अंदाज आहेत, कारण ट्यूब कोणती होती आणि किती वाजता फिरवली हे मला माहीत नाही. पण दोन्ही अंदाजांत मीटर १५ च्या आत येतं. लॅबला फोन करून एवढंच विचारा: ग्लुकोजसाठी राखाडी झाकणाची ट्यूब घेतली होती का, आणि सॅम्पल सेंट्रिफ्यूज किती वाजता झालं? चांगली लॅब हे सांगते. कुरकुर करत असतील तर शुगरची तपासणी घरी बोलावून करू नका, तिथे जाऊन करा.

म्हणून मीटर निर्दोष ठरतं असं मात्र मी म्हणत नाही. ९.२ हिमोग्लोबिन ही तुमच्या प्रतिक्रियेतली सगळ्यात मोलाची माहिती आहे. ढोबळ हिशेबाने हिमोग्लोबिनला तीनने गुणलं की हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का मिळतो. आईंचा २८ च्या जवळपास येतो, निरोगी माणसाचा ४० च्या पुढेमागे असतो. पट्टीवर पडतं ते सगळं रक्त, पण मीटर आकडा दाखवतं प्लाझ्माचा, तेही पेशींचं नेहमीचं प्रमाण गृहीत धरून. पेशी कमी असल्या की त्याच थेंबात प्लाझ्मा जास्त असतो, ग्लुकोज पट्टीवरच्या एन्झाइमपर्यंत लवकर पोचतं आणि मीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. पेशी जास्त असल्या की उलट होतं. नव्या मीटरांपैकी काही हेमॅटोक्रिट स्वतः मोजून दुरुस्ती करतात, सगळी करत नाहीत. पट्टीच्या डबीबरोबरच्या बारीक अक्षरांच्या कागदावर 'हेमॅटोक्रिट' शोधा, पुढे 'इथपासून इथपर्यंत' असा आकड्यांचा पट्टा दिलेला असतो. तो ३० पासून सुरू होत असेल तर आईंचं रक्त त्या मीटरच्या कक्षेतच येत नाही. मग ते मीटर बदला, २० पासून चालणारं घ्या. अशी मीटरं मिळतात.

आणि स्पिरिट. इथे तुम्हाला हिशेब देते, कारण 'हात धुवा' एवढं सांगून कोणाला पटत नाही. पट्टीला साधारण १ मायक्रोलिटर किंवा त्याहून कमी रक्त लागतं. शुगर १५० असेल तर तेवढ्या थेंबात ग्लुकोज असतं दीड मायक्रोग्रॅम. तुमचा २७ चा फरक पडायला फक्त पाव मायक्रोग्रॅम ग्लुकोज बोटावर चिकटलेलं पुरतं. आदल्या रात्री चिकू सोलला असेल, नातवाला केळं भरवलं असेल, औषधाबरोबर मधाचं बोट चाटलं असेल, तर तेवढं राहू शकतं, डोळ्यांना दिसत नाही. स्पिरिटचा बोळा ते पूर्ण काढत नाही. साबण, वाहतं पाणी, कोरडा टॉवेल, मग बोटाच्या कडेला टोचणं हीच पद्धत. बोट जोरात पिळून थेंब काढू नका, त्यात पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी मिसळतं.

आईंची तपासणी उपाशीपोटी झाली ते बरं झालं. उपाशी असताना बोटातलं आणि शिरेतलं ग्लुकोज जवळपास सारखं असतं. जेवणानंतर तसं नसतं. बोटाकडे येणारं रक्त धमनीच्या जवळचं, आणि शिरेतलं रक्त हाताच्या स्नायूंनी ग्लुकोज काढून घेतल्यानंतरचं. त्यामुळे जेवणानंतर बोटाचा आकडा २०-३० ने किंवा त्याहून जास्त वर असू शकतो आणि दोन्ही आकडे खरे असतात. जेवणानंतरच्या रिपोर्टशी मीटर ताडून पाहूच नका.

आता तुमचा खरा प्रश्न, डोसचा. १४१ असो वा १६८, दोन्ही उपाशीपोटीच्या नेहमीच्या १३० च्या मर्यादेपेक्षा वर आहेत, आणि एका सकाळच्या आकड्यावरून बेसल, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं, इन्सुलिन सहसा बदलत नाहीत, काही दिवसांचा कल पाहतात. इथे २७ च्या फरकाने निर्णय फारसा हलत नाही. मला काळजी वाटते ती खालच्या बाजूची. मीटर ८२ दाखवत असेल आणि खरा आकडा ६७ असेल, तर फरक १५ च, मानकाच्या आत, पण ७० च्या खाली म्हणजे हायपो, शुगर धोकादायकरीत्या कमी. आईंचं मीटर रक्तक्षयामुळे वर वाचत असेल तर हा धोका त्यांना जास्त आहे. म्हणून घाम, थरथर, धडधड, अचानक गोंधळ यांपैकी काही झालं तर पडद्यावर ८५ असलं तरी थांबायचं नाही. शुद्धीत असतील तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यात विरघळवून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना.

'मग एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरच्या तपासणीवर ठरवू' असं तुमच्या मनात येईल, म्हणून आधीच सांगते: लोहाच्या कमतरतेने आलेल्या रक्तक्षयात तो आकडा खऱ्यापेक्षा वर जाऊ शकतो, तर रक्तस्राव झाला असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील तर खाली. आईंच्या बाबतीत तोही पंच म्हणून चालणार नाही. ९.२ का आहे हे शोधून त्यावर उपचार होणं म्हणूनच शुगरसाठीसुद्धा गरजेचं आहे.

मीटर फेकू नका, नीट तपासा. आईंना सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये घेऊन जा, मीटर आणि पट्ट्यांची तीच डबी बरोबर घ्या. हात साबणाने धुऊन, शिरेतून रक्त काढल्यावर पाच मिनिटांच्या आत बोटाचा आकडा घ्या. शक्य असेल तर लगेच दुसऱ्या बोटावर आणखी एक. राखाडी झाकणाची ट्यूब आणि अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज, एवढं आधी ठरवून घ्या. पुढच्या तपासण्यांच्या वेळी असं आणखी दोनदा करा. मीटर तिन्ही वेळा साधारण तेवढंच वर दाखवत असेल तर दोष हेमॅटोक्रिटचा किंवा मीटरच्या कॅलिब्रेशनचा, आणि तो फरक डॉक्टरांना माहीत असला की ते हिशेबात धरू शकतात. कधी वर, कधी खाली अशा उड्या असतील तर पट्ट्या पाहा: डबी उघडी राहिली का, पावसाळ्यात स्वयंपाकघरात ठेवली का, मुदत संपली का. नवी डबी उघडून पट्टीला कंट्रोल सोल्यूशन, म्हणजे मीटर तपासायचं ठरावीक ग्लुकोजचं द्रावण, लावा, डबीवर छापलेल्या मर्यादेत आकडा आला नाही तर मीटर बदला.

पट्टीच्या कागदावर हेमॅटोक्रिटचा पट्टा किती दिला आहे ते इथेच खाली लिहा, मी पाहून सांगते. तोवर डोस आपल्या मनाने वाढवू नका, आणि १०० च्या खाली दिसलेला आकडा डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.