एक किलोमीटर, चाळीस मीटर

'विषय : सोडतीत माझ्या पाल्याचा क्रमांक निवड यादीत नाही, प्रतीक्षा यादीतही नाही, तर नेमका कुठे आहे याबाबत.'

यातला 'नेमका' हा शब्द माझ्या मेहुण्याचा. तो एक वर्ष वकिलीच्या कॉलेजात जाऊन आल्यामुळे आमच्या घरातले सगळे अर्ज त्याच्या नजरेखालून जातात. 'महोदय' नंतर त्याने एक स्वल्पविराम घातला, एक काढला आणि म्हणाला, "आता बघ, ऑफिस हलतं की नाही."

झालं होतं असं. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे आरटीईच्या, पंचवीस टक्के राखीव जागांची सोडत लागली. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल गटांतल्या मुलांना मोफत द्यायच्या, असा 2009 चा कायदा आहे. आमच्याकडे जातीचा दाखला असल्याने आम्ही वंचित गटात बसतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. (लागला असता तरी तो दाखवण्यासारखाच होता.) 2025-26 साली राज्यात या जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या आणि अर्ज तीन लाखांच्या वर. म्हणजे तिघांत एकाला जागा. आणि त्या तिघांतला प्रत्येक बाप आधीच टाय-बेल्टची चौकशी करून ठेवतो.

सोडतीच्या दिवशी मेसेज येतो म्हणतात. रात्री माझा फोन वाजला तेव्हा घरात शांतता पसरली. विम्याचा हप्ता भरायचा राहिला होता. पलीकडच्या गल्लीतल्या जाधवांना मात्र मेसेज आला आणि तो त्यांनी वाचून दाखवायला आमच्या घरापर्यंत यायचे कष्ट घेतले. मेसेजवर विसंबू नका, पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून बघा, अशी सूचना असते. आम्ही टाकला. निवड झालेली नाही. प्रतीक्षा यादी उघडली. ज्या शाळेवर आमचं मन बसलं होतं तिच्या प्रतीक्षा यादीतही आमची लेक नव्हती. कुठल्याशा लांबच्या शाळेत नववा नंबर होता, तेवढाच.

सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. मेहुणा म्हणाला, सेटिंग. मी म्हणालो, विचारू या. घरात एवढा शास्त्रीय दृष्टिकोन फक्त माझ्याकडेच असतो, हे कोणी मान्य करत नाही.

शिक्षण खात्याच्या ऑफिसातल्या मॅडमच्या टेबलावर 'सदर पाल्यास प्रवेश देण्यात यावा' अशा लेटरहेडांचा गठ्ठा होता. माजी नगरसेवक, भावी नगरसेवक, एका मंडळाचे उत्सवप्रमुख. मॅडमनी माझा अर्ज वाचला, 'नेमका' पाशी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "सोडत सगळ्या राज्याची एकदाच निघते. पुण्यात, कॉम्प्युटरवर. इथे माझ्या ड्रॉवरमध्ये नाही निघत. अंतर किती आहे?"

"कशाचं?"

"शाळेपासून घराचं."

"चालत गेलं तर पावणेदोन किलोमीटर. मध्ये नाला आहे, रेल्वेचं फाटक आहे..."

"चालत नाही हो. हवाई अंतर. फॉर्म भरताना नकाशावर घराच्या जागी बलून ठेवला ना, तिथून शाळेपर्यंत सरळ रेघ."

तो बलून मला चांगला आठवत होता. नकाशावरचा तो लाल फुगा आपल्या घरावर आणून ठेवायचा असतो आणि जागा जास्तीत जास्त पाच वेळाच ठरवता येते. आमच्या बायकोने तो थेट आमच्या गच्चीवरच्या टाकीवर उतरवला होता. सायबर कॅफेवाल्या पोराने तेव्हाच सुचवलं होतं, "काकू, शाळेच्या गेटवर ठेवू का? सगळे ठेवतात." बायकोने त्याला असं बघितलं की त्याने प्रिंटचे पाच रुपयेही कमी घेतले. गेटवर ठेवणाऱ्यांचं पुढे पडताळणी समितीसमोर काय होतं तेही मॅडमनी ओघात सांगितलं : कागदावरचा पत्ता आणि बलूनची जागा जुळली नाही की लागलेला प्रवेश जातो.

आमची रेघ निघाली एक किलोमीटर चाळीस मीटर.

"संपलं," मॅडम म्हणाल्या.

"चाळीस मीटरने?"

मग त्यांनी एका लेटरहेडची मागची कोरी बाजू घेतली (उत्सवप्रमुखांचं होतं) आणि हिशोब मांडला. शाळेत पहिलीला साठ मुलं. त्यांचे पंचवीस टक्के म्हणजे पंधरा जागा. आता सगळे अर्ज एका डब्यात टाकून सरमिसळ चिठ्ठ्या काढत नाहीत. आधी एक किलोमीटरच्या आतले. त्यांच्यातून जागा उरल्या तरच एक ते तीन किलोमीटरवाले. या शाळेला एक किलोमीटरच्या आतूनच बेचाळीस अर्ज आले होते. म्हणजे सोडत झाली ती त्या बेचाळिसांची. पंधरा निवडले गेले.

"बरं, पण मग प्रतीक्षा यादी?"

"ती काही सगळ्या उरलेल्यांची नसते. जेवढ्या जागा, तेवढीच प्रतीक्षा यादी. इथे पंधरा. पंधरा आणि पंधरा तीस. आतल्याच बेचाळिसांतली बारा मुलं कुठल्याच यादीत नाहीत. तुमचा नंबर त्यांच्याही मागे. तुमची चिठ्ठी होती हो डब्यात, पण हात तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच सगळं आटोपलं."

एवढं लख्ख उत्तर सरकारी ऑफिसात मिळेल अशी माझी तयारी नव्हती. भांडायला म्हणून आणलेली तीन वाक्यं तशीच घशात राहिली. आमच्या लेकीचं नशीब वाईट नव्हतं. नशिबाची पाळीच आली नव्हती. दृष्ट, सेटिंग आणि घराण्याचे ग्रह यांना एका फटक्यात क्लीन चिट मिळाली, हे सासूबाईंना कसं सांगायचं एवढाच प्रश्न उरला.

"मग ही दुसरी शाळा कशी लागली? ती तर अडीच किलोमीटरवर आहे."

"तिच्या आसपास गोडाऊनं आहेत. एक किलोमीटरच्या आत अर्ज आले चार. दहा जागांपैकी सहा उरल्या, त्या तुमच्यासारख्या लांबच्यांच्या सोडतीत गेल्या. तिथे मात्र तुमचं नशीब खरंच वापरलं गेलं. नववं निघालं."

फॉर्ममध्ये दहा शाळांपर्यंत पसंती देता येते, म्हणून दहा भरलेल्या माणसाला वाटतं आपण दहा तिकिटं काढली. पण दहापैकी आठ शाळा गावातल्या दाट वस्तीत असतील आणि आपण वस्तीच्या कडेला राहत असू, तर त्या आठ शाळा फॉर्मची शोभा वाढवतात. प्रत्येक शाळेची प्रतीक्षा यादीही वेगळी. एका शाळेतला दुसरा नंबर दुसऱ्या शाळेत चालत नाही.

नववा नंबर म्हणजे होपलेस की होपफुल, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "दहांपैकी किती जण प्रवेश घेत नाहीत ते बघा." प्रतीक्षा यादीतला नंबर आपोआप पुढे सरकत नाही. निवड झालेल्यांना कागदपत्रांची पडताळणी करून प्रवेश घ्यायची मुदत असते. ती संपली, मुदतवाढ संपली, तिची मुदतवाढही संपली, की मग किती जागा रिकाम्या राहिल्या ते मोजतात आणि तेवढ्यांनाच बोलावतात. रेल्वेच्या वेटिंगला निदान चार्ट लागेपर्यंत रोज नंबर उतरताना दिसतो. इथे चार्ट तोच राहतो, फक्त आपण रोज उघडून बघतो.

जागा रिकाम्या होतात त्याची कारणं ठरलेली. भाडेकरार नोंदणीकृत नसून नुसता नोटरी केलेला. करार नोंदणीकृत, पण तारीख अर्ज भरल्यानंतरची. एकाच मुलाचे दोन अर्ज, कारण बापाने एक भरला आणि आत्याने प्रेमाने दुसरा. आणि काही जण जाधवांसारखे. जाधवांना मिळालेली शाळा त्यांच्या मिसेसना पसंत नव्हती. "ही सोडतो, वेटिंगमधून दुसरी घेतो," असं ते मला ऐकवत होते. निवड होऊनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांत नावच धरत नाहीत, हे मी त्यांना शेजारधर्म म्हणून सांगितलं. शेजारधर्म अंमळ दोन दिवस उशिरा पाळावा असा विचार मनात आला होता. पण त्यांनी जागा सोडली असती तरी ती त्या शाळेच्या प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला गेली असती आणि आम्ही त्या यादीतच नव्हतो. चांगुलपणाला त्यामुळे खर्च आला नाही.

गोडाऊनजवळच्या शाळेत तीन जागा सुटल्या. पहिल्या तिघांना बोलावलं. त्यांतला एक आला नाही म्हणून चौथ्याला. मग प्रवेश बंद झाले. सासूबाईंनी पाचव्या नंबरवाल्याबद्दल फार हळहळ व्यक्त केली, नवव्याबद्दल अजिबात नाही.

त्यातल्या त्यात आम्ही नशीबवान. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. मेव्हणीने त्या वर्षी फॉर्म उघडला तर पर्यायांत झेडपीच्याच शाळा. मे महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, नव्याने अर्ज भरले, जुलैत तो बदल रद्दच झाला. तोवर तिचा मुलगा फी भरून वर्गात बसून बाराखडी शिकला होता.

"पुढच्या वर्षी पुन्हा भरा," मॅडम म्हणाल्या, "मात्र शाळेचा प्रवेशवर्ग कुठला ते बघा. नर्सरीपासून घेणाऱ्या शाळेत पहिलीला आरटीईची जागा नसते. तुमच्या मुलीला आता पहिलीच्याच शाळा."

घरी येऊन सगळं समजावलं. बायकोने नकाशा उघडला आणि शाळेभोवती एक किलोमीटरचा गोल काढला. रेघ आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पानटपरीवरून जात होती. टपरीवाला आत, आम्ही बाहेर. त्याला मूलबाळ नाही.

संध्याकाळी टपरीच्या पलीकडच्या चाळीत खोली बघायला गेलो. खोटा करार नको, खरंच राहायला जायचं, हे बायकोचं म्हणणं. एजंटने दार उघडलं. मोरी गळत होती, खिडकी एकच, तीही जिन्यात उघडणारी.

"भाडं?"

त्याने आकडा सांगितला. आमच्या सध्याच्या भाड्यापेक्षा दीड हजार जास्त.

"या खोलीला?"

"साहेब, नऊशे साठ मीटर आहे," तो म्हणाला. "अकरा महिन्यांचा करार, नोंदणी करून देतो, आणि तारीख फॉर्म सुटायच्या आधीची. पण लवकर सांगा. सकाळपासून तीन पार्ट्या बघून गेल्यात, तुम्ही चौथे."