पैठणीचा रंग, जर आणि डाग: एका प्रतिक्रियेला उत्तर

फोटो टाकून साडी विकताना तिचा खरा रंग आणि प्रत्येक डाग मजकुरात लिहावा, असं मी आधीच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

"ताई, तुमचा लेख वाचला. प्रत्येक डाग लिहून दाखवला तर गिऱ्हाईक थांबेल कशाला? फोटो दिलेला असतो, त्यात सगळं दिसतंच. आणि रंग ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर वेगळा दिसतो, त्याला विकणारा काय करणार? 'रंगात थोडा फरक संभवतो' एवढं लिहिलं की आपली बाजू सुरक्षित. बाकी हे सगळं पुस्तकी आहे."

दादा, स्क्रीनचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. कुणाचा मोबाइल रंग भडक दाखवतो, कुणी रात्रीचा पिवळा मोड चालू ठेवलेला असतो, आणि त्यावर विकणाऱ्याचा काही इलाज नाही. पण रंग बिघडतो तो बहुतेकदा त्याच्या कितीतरी आधी, आपल्याच खोलीत, फोटो काढताना. 'थोडा फरक संभवतो' हे वाक्य स्क्रीनच्या फरकापुरतं खरं आहे. खोलीतल्या बल्बने केलेली चूक त्याच्याखाली झाकायची नसते.

मध्यंतरी एका बाईंनी विकायला काढलेल्या पैठणीचा फोटो आणि मजकूर माझ्याकडे तपासायला पाठवला, तेच उदाहरण घेते. मजकूर असा होता: 'वांगी कलर, प्युअर सिल्क, ओरिजिनल पैठणी, एकदाच नेसलेली, कंडिशन उत्तम.' फोटोत साडी पलंगावर पांढऱ्या चादरीवर पसरलेली.

मी साडीच्या आधी चादर पाहिली. पांढरं कापड फोटोत कसं उतरलंय त्यावरून उजेड कळतो. फोटो एडिट करायच्या साध्या ॲपमध्ये ठिपक्यावर बोट ठेवलं की लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे दिसतात, आणि पांढऱ्या किंवा राखाडी वस्तूवर ते जवळजवळ सारखे यायला हवेत. इथे डावीकडे चादर होती 236, 222, 190, म्हणजे चांगलीच पिवळी. उजवीकडे 214, 222, 235, म्हणजे निळसर. एकाच चादरीचे दोन रंग! डावीकडे पिवळा बल्ब चालू होता आणि उजवीकडे खिडकी. असा फोटो ॲपमध्ये दुरुस्त होत नाही. पिवळेपणा काढावा तर उजवी बाजू आणखी निळी होते, निळेपणा काढावा तर डावी बाजू हळदीसारखी. बाईंना सांगितलं की बल्ब बंद करा, ऊन थेट आत येत नाही अशा खिडकीशी साडी न्या, आणि पुन्हा काढा.

एक बारकावा इथेच सांगते. कागद आणि धुतलेलं पांढरं सुती कापड यांत बऱ्याचदा चमक आणणारं द्रव्य असतं, ते दिवसाच्या उजेडात किंचित निळं दिसतं. म्हणून निळा आकडा चार-पाचने जास्त आला तर घाबरू नका. रोज साड्यांचे फोटो काढणाऱ्याने फोटोग्राफीच्या दुकानात मिळणारं राखाडी कार्ड घ्यावं, त्यात ही भानगड नसते.

दुसऱ्या फोटोत चादर दोन्हीकडे सारखी आली, पण साडी पहिल्यापेक्षा फिकट, जांभळट-राखाडी दिसू लागली. कॅमेरा गडद कापड पाहून 'अंधार आहे' असं समजतो आणि उजेड आपणहून वाढवतो. काळ्या चंद्रकळेचा फोटो करडा येतो तो याच कारणाने. स्क्रीनवर साडीला बोट लावून ती सूर्याची खूण थोडी खाली ओढायची, कापडातली वीण आणि धागे दिसायला लागेपर्यंत. लाल आणि राणी रंगात गडबड वेगळीच असते. लाल आकडा सगळीकडे 255 ला जाऊन अडकतो आणि साडी धागे नसलेल्या रंगीत कागदासारखी सपाट दिसते. तिथेही उजेड कमी करायचा. एवढं करूनही भडक राणी रंग साध्या स्क्रीनवर पुरता उतरत नाही. त्या वेळी शब्दांनी भरपाई करायची: 'हातात घेतल्यावर फोटोपेक्षा जास्त तेजस्वी आणि जरा जांभळटपणाकडे झुकणारा.'

आता या साडीची खरी गोष्ट. नव्या फोटोत मधला भाग वांगी दिसत होता, पण पलंगाच्या कडेवरून खाली लोंबणारा भाग तांबूस. यावेळी उजेड चोख होता, म्हणजे कारण कापडातच होतं. साडी धूपछाव होती, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या. बाईंना म्हटलं, पदराच्या टोकाच्या दशा बघा, त्या उभ्या धाग्याच्या असतात. त्या जांभळ्या निघाल्या. मग साडीच्या दुसऱ्या कापलेल्या टोकाचा एक आडवा धागा ओढून पाहायला सांगितला, तो लाल. सरळ समोरून काढलेल्या एका फोटोने ही साडी कळणारच नाही. जिला वांगी रंग हवा होता तिने मागवली, नेसून उन्हात गेली आणि निऱ्यांवर लाल झाक आली, तर ती 'फसवलं' म्हणणार, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एक फोटो सपाट, एक चुण्या पाडून, आणि मजकुरात दोन्ही धाग्यांचे रंग. 'थोडा फरक संभवतो' या वाक्यात यातलं काहीच बसत नाही.

'प्युअर सिल्क' हे तर फोटोवरून लिहायचंच नाही. चमक पॉलिएस्टरलाही असते आणि आर्ट सिल्क म्हणून विकल्या जाणाऱ्या व्हिस्कोसलाही. शुद्ध रेशमाची खात्री देणारं सिल्क मार्कचं लेबल असेल तर त्याचा फोटो द्या आणि तसं लिहा. नसेल तर दशीचा एक धागा आणि आडवा एक धागा वेगवेगळे जाळून पाहा, चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून. रेशीम रेंगाळत जळतं, केस जळल्यासारखा वास येतो आणि उरलेली काळी गोळी बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, तो चुरडत नाही. व्हिस्कोस कागदासारखं भुरकन जळतं आणि मऊ राख राहते. दोन्ही दिशांचे धागे तपासायचे, कारण उभा रेशमाचा आणि आडवा दुसराच असं कापड सर्रास मिळतं. मिश्र सूत असेल तर ही परीक्षा पुरत नाही, मग 'शुद्ध' हा शब्द गाळायचा. बाईंच्या साडीचे दोन्ही धागे रेशमासारखेच जळले, म्हणून आम्ही लिहिलं: 'दोन्ही धागे जाळून पाहिले, रेशीम. सिल्क मार्क नाही.'

जरीचं आणखी अवघड आहे. चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा दिलेली जर, तांब्याच्या तारेची जर आणि प्लास्टिकच्या पट्टीची जर, फोटोत तिन्ही सोनेरीच. प्लास्टिकची जाळली तर आकसून वितळते, ते घरी कळतं. चांदी आहे की तांबं हे सोनाराकडून तपासून घ्यावं लागतं. तपासलं नसेल तर 'सोनेरी जर, धातूची तपासणी केलेली नाही' असं सरळ लिहावं. 'ओरिजिनल पैठणी'साठी मात्र फोटोचा मोठा उपयोग आहे, फक्त तो पदराच्या उलट्या बाजूचा हवा. हातमागावरच्या पैठणीत पदराची नक्षी रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेली असते, त्यामुळे मोर, मुनिया, असावली दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. यंत्रावर काढलेल्या नकलेत मागे मोकळे धागे लोंबतात किंवा कापलेली टोकं दिसतात. उलट्या पदराचा फोटो नसेल तर माहीतगार बाई पहिल्याच संदेशात तोच मागते.

आता डाग. दादा, तुम्ही म्हणता फोटोत दिसतंच. या साडीच्या फोटोत मला एकही दोष दिसला नाही, कारण नेमका दोष घडीच्या आत होता. मी बाईंना साडी पूर्ण उलगडून खिडकीसमोर धरायला सांगितली, मागून उजेड येईल अशी. बरीच वर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवर विरतं आणि उजेडात तिथे बारीक रेघ चमकते. तशी रेघ सापडली, हाताच्या वितीएवढी, मधल्या घडीवर. मग साडी टेबलावर सपाट टाकून उजेड अगदी बाजूने घेतला तेव्हा ओढलं गेलेलं एक सूत उठून दिसलं. समोरून पडलेल्या उजेडात ते कधीच दिसलं नसतं. पदराच्या टोकाशी एक फिकट तपकिरी डागही होता.

दोष लिहिताना चार गोष्टी लागतात: काय आहे, कुठे आहे, केवढा आहे आणि नेसल्यावर कुठे येतो. 'किरकोळ डाग' वाचून गिऱ्हाईक सगळ्यात वाईट डागाची कल्पना करतं. माप दिलं की ते निवांत ठरवतं. आणि हातमागाचं जे अंगभूत आहे, म्हणजे एखादी जाड झालेली तार किंवा धागा जोडल्याची बारीक गाठ, ते दोषांत घालू नका, वेगळ्या ओळीत सांगा. नाहीतर खरे दोष त्या गर्दीत लपतात.

शेवटी मजकूर असा झाला:

'हातमागावरची पैठणी, वापरलेली. उभा धागा जांभळा, आडवा लाल. समोरून वांगी, चुण्यांवर तांबूस झाक. दोन्ही धागे जाळून पाहिले, रेशीम. सिल्क मार्क नाही. सोनेरी जर, धातूची तपासणी केलेली नाही; काठावर थोडी काळवंडलेली. पदर दोन्ही बाजूंनी सारखा, उलट्या बाजूचा फोटो दिला आहे. दोष: 1) मधल्या घडीवर 20 सें.मी. लांब विरलेली रेघ, छिद्र नाही, नेसल्यावर निऱ्यांत जाते. 2) पदराच्या टोकापासून 12 सें.मी. आत 5 मि.मी. चा फिकट तपकिरी डाग, पाठीवर दिसू शकतो. 3) डाव्या काठालगत एक सूत ओढलेलं, 2 सें.मी. तिन्हींचे जवळून काढलेले फोटो दिले आहेत. फोटो दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता.'

हे वाचून काही जणी निघून जातील, तुमचं खरं आहे. पण त्या साडी हातात आल्यावरही नाहीच म्हणाल्या असत्या, आणि जाण्या-येण्याचं कुरिअर, पुन्हा घडी, पुन्हा इस्त्री हे सगळं तुमच्या माथी आलं असतं. विरलेल्या रेशमाला तर प्रत्येक घडी महागात पडते. शिवाय 'आपली बाजू सुरक्षित' म्हणता तेही तपासून घ्या. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे ई-कॉमर्स संकेतस्थळावरून विकणाऱ्याने जाहिरातीत दिलेली माहिती वस्तूच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळलीच पाहिजे, आणि जाहिरातीत सांगितल्यासारखी वस्तू नसेल तर ती परत घ्यायला त्याला नकार देता येत नाही. मोघम इशाऱ्याने 'प्युअर सिल्क' हा चुकीचा शब्द बरोबर ठरत नाही.

तुमच्या दुकानातल्या नव्या साड्यांना एवढं सगळं लागणार नाही, जाळून पाहणंही एका ठाणातून आलेल्या मालाला एकदाच पुरे. पण रंगाचं आणि उलट्या पदराचं मात्र प्रत्येक साडीला करा. आणि पार्सल बांधण्याआधी साडी उलगडून मजकुराची एकेक ओळ तिच्याशी ताडून पाहा. एकाच रंगाच्या दोन साड्या कपाटात असतात, फोटो एकीचा असतो आणि डब्यात जाते दुसरीच.