रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

सर्वेक्षणाचे फॉर्म भरून आले की आकडे साफ करण्याबद्दल असा सल्ला मिळतो: "कोडबुक वगैरे प्रबंधापुरतं. एक्सेलमध्ये रिकाम्या रकान्यांत शून्य टाका, Remove Duplicates दाबा, फाइल SPSS मध्ये उघडा. पुढचं सॉफ्टवेअर बघतं."

सगळ्यात महागात पडतो तो शून्याचा सल्ला. सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायकांना विचारलं, असं धरा: काल किती विड्या वळल्या? फॉर्म दहा. सहाजणींची उत्तरं ८००, ९००, ७००, १०००, ६००, ८००, बेरीज ४८००. चार रकाने रिकामे. तिथे शून्य टाकलं की सरासरी ४८०.

आता त्याच चौघींचं आधीच्या प्रश्नाचं उत्तर बघा: काल काम केलं का? दोघी म्हणाल्या नाही, कारखान्यातून पानच मिळालं नव्हतं. त्यांचं शून्य खरं. उरलेल्या दोघींनी काम केलंय. एकीने आकडा सांगितला नाही, दुसरीला फॉर्म भरणारा विचारायलाच विसरला. त्यांना शून्य देणं म्हणजे दिवसभर वळलेल्या विड्या कागदावरून गायब करणं. मी लिहीन ते असं: दहापैकी आठजणींनी काम केलं, त्यांतल्या आकडा सांगणाऱ्या सहाजणींची सरासरी ८००.

हा फरक लिहून ठेवायची जागा म्हणजे कोडबुक.

```
q11  काल काम केलं का?  1 हो  2 नाही
q12  काल वळलेल्या विड्या (नग; कारखान्याने नाकारलेल्याही धरून)
      0  q11 = 2
     -8  सांगायला नकार
     -9  विचारायचं राहिलं
```

'कारखान्याने नाकारलेल्याही धरून' हे शब्द फॉर्म छापण्याआधीच ठरायला हवेत. नाहीतर एकीने वळलेल्या सांगितल्या, दुसरीने कारखान्याने घेतलेल्या, आणि हे नंतर कुठल्याच सूत्राने सुटत नाही. नोंद करताना कुणी '१ हजार' असं टाइप केलं, तर तो मजकूर ठरतो आणि एक्सेलचं AVERAGE तो गुपचूप सोडून देतं.

सॉफ्टवेअर काय बघतं? रिकामा आकडा SPSS वगळतं खरं, पण -8 हा त्याच्या लेखी आकडाच. हे सांगावं लागतं:

```
MISSING VALUES q12 (-8, -9).
```

ही ओळ राहिली तर आपल्या दहाजणींची सरासरी ४७८.३ येते. दिसायला अगदी सरळ, म्हणून फसवी. किमान आकडा काढला की -9 लगेच पुढे येतो. मी सरासरीआधी तोच बघतो.

राहिलं Remove Duplicates. घर क्रमांकाचा एकच रकाना निवडलात, तर एका घरातल्या सासू-सुनेपैकी खालची ओळ जाते. फॉर्म भरल्याच्या वेळेसकट सगळे रकाने निवडलेत, तर दोनदा भरलेला फॉर्मही सुटतो. (पहिली चूक मी केलीय. मूळ फाइल वेगळी ठेवली होती म्हणून सुना परत मिळाल्या.) A मध्ये घर क्रमांक, B मध्ये व्यक्ती क्रमांक असेल तर नुसती खूण करा:

```
=COUNTIFS(A:A,A2,B:B,B2)
```

१ पेक्षा जास्त आलं की ओळ पुसू नका, कागदी फॉर्म काढा. बरेचदा व्यक्ती क्रमांकच चुकलेला असतो.