‘मशीनमध्ये सगळं सेव्ह असतं’ या भरवशावर राहू नका

सध्या फिरणारा मेसेज असा आहे: ‘पंच करायचा राहिला किंवा बायोमेट्रिक बंद पडलं तर घाबरू नका. मशीनमध्ये सगळं सेव्ह असतं. नसलं तर सीसीटीव्ही आहेच. महिनाअखेरीस एचआरला एक मेल टाका, मशीन बंद होतं, कृपया रेग्युलराइज करा. पगार कापताच येत नाही.’

हजेरी आणि पेरोलचं काम करताना या मेसेजवर विसंबलेली माणसं दर महिन्याला माझ्या टेबलाशी येतात. यातलं घाबरू नका एवढं खरं आहे. पगार मिळतो तो काम केल्याबद्दल, पंच हा त्याचा फक्त पुरावा. पण पुरावा नसेल तर तो आपणच उभा करायचा असतो आणि तिथेच हा मेसेज माणसाला झोपवतो.

आधी मशीनचं बघू. बंद पडणं एका प्रकारचं नसतं. नेटवर्क गेलं असेल तर मशीन बोट ओळखतं, नाव दाखवतं आणि पंच स्वतःच्या मेमरीत ठेवतं. लाइन आली की तो सर्व्हरवर चढतो. अशा वेळी हजेरीच्या पोर्टलवर दिवस कोरा दिसतो, पण एखाद्या दिवसात आपोआप भरतो. लाइट गेल्यामुळे स्क्रीनच काळी असेल तर मात्र नोंद कुठेच नसते. आणि तिसरा, सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे मशीन चालू असतं, पण बोट घेत नाही. घाईत आपण बोट टेकवतो, कसलासा आवाज येतो, मागे रांग असते, आपण पुढे सटकतो. तो आवाज ‘पुन्हा प्रयत्न करा’चा असतो. न जुळलेलं बोट बहुतेक मशीन हजेरीत धरतच नाहीत, कारण ते कोणाचं हेच मशीनला कळलेलं नसतं. म्हणून खूण एकच: स्क्रीनवर आपलं नाव किंवा नंबर उमटला का? उमटला नसेल तर पंच झालेला नाही, असं धरून चाला.

अजून एक भानगड असते. आतली छोटी बॅटरी संपलेली असली की वीज गेल्यावर काही मशीनचं घड्याळ मागे जातं. मग तुमचा पंच असतो, पण भलत्याच वर्षाच्या तारखेखाली. पोर्टलवर तो दिसत नाही. आयटीवाल्यांनी मशीनमधला कच्चा लॉग काढला तरच सापडतो. तेव्हा मशीनवरची वेळ चुकलेली दिसली तर तिथल्या तिथे फोटो काढून ठेवा.

आता ज्यात सगळ्यात जास्त लोक फसतात ते. समजा सकाळी ९:२० ला तुम्ही आलात, मशीन बंद. संध्याकाळी मशीन सुरू झालं, ६:४० ला पंच करून निघालात. दिवसभरात पंच एकच. बरीच सॉफ्टवेअर दिवसातला पहिला पंच ‘इन’ समजतात. त्यामुळे पोर्टलवर दिसतं: इन १८:४०, आउट रिकामं, शेरा ‘मिसपंच’. माणूस बघतो की आउट राहिलाय, तिथे क्लिक करतो आणि १८:४५ भरून पाठवतो. साहेबही न बघता मंजूर करतात. हिशेब होतो पाच मिनिटांच्या हजेरीचा आणि दिवस गैरहजर! रिक्वेस्ट मंजूर झालेली असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही, पगाराची स्लिप येईपर्यंत.

इथे भरायचं होतं इन ९:२० आणि आउट १८:४०. फॉर्म एकच रकाना उघडत असेल तर शेऱ्यात स्पष्ट लिहायचं. नुसतं ‘कृपया रेग्युलराइज करा’ लिहिलं की समोरच्याला अंदाजच बांधावा लागतो. शेरा असा हवा: ‘१४ तारखेला सकाळी मुख्य दारावरचं मशीन बंद होतं, स्क्रीन काळी होती. मी ९:२० ला आलो, गेटच्या रजिस्टरमध्ये नोंद आहे, ९:३२ ला संगणकावर लॉगिन आहे. सिस्टिमने १८:४० इन धरला आहे, तो माझा आउट पंच आहे. इन ९:२० आणि आउट १८:४० करावे.’ एवढ्यात तारीख, मशीन, वेळ, पुरावा आणि नेमकी दुरुस्ती सगळं आलं. रात्रपाळी असेल तर पाळी कोणत्या तारखेची हेही लिहा. सकाळचा आउट दुसऱ्या दिवसाचा इन म्हणून चिकटतो, आणि मग दोन दिवस बिघडतात.

मेसेजमध्ये सरसकट ‘मशीन बंद होतं’ लिहायला सांगितलंय, ते तर मुळीच करू नका. पंच करायला विसरलात तर विसरलो असंच लिहा. त्याच मशीनवर ९:१४ ला आणि ९:१७ ला इतरांचे पंच पडलेले असतात, आणि यादी उघडली की ते लगेच दिसतं. विसरल्याची विनंती सहसा मान्य होते, खोट्या कारणाची चौकशी होते. उलट मशीन खरंच बंद असेल तर ‘विसरलो’ हा पर्याय निवडू नका. बऱ्याच ठिकाणी विसरण्याला महिन्याला ठरावीक मर्यादा असते आणि मशीनच्या दोषासाठी ती आपण का वापरायची? बंद मशीनच्या दिवशी त्याच दाराने आलेल्या सगळ्यांची एकत्र यादी विभागप्रमुखांकडून गेली तर आणखी बरं, कारण मग तो एकट्याचा दावा उरत नाही.

सीसीटीव्हीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. डिस्क भरली की रेकॉर्डर जुनं फुटेज पुसून नवं लिहीत जातो. महिनाअखेरीस महिन्याच्या सुरुवातीची सकाळ तिथे असेलच असं नाही. वाद होण्याची चिन्हं असतील तर त्याच आठवड्यात फुटेज राखून ठेवायची लेखी विनंती करा. नाहीतर गेटचं रजिस्टर, दाराच्या कार्डाची नोंद, संगणकाचं लॉगिन हेच लवकर हाती लागतं.

आणि महिनाअखेर म्हणजे नेमकी कधी? हजेरीचं सायकल बऱ्याच ठिकाणी २१ ते २० किंवा २६ ते २५ असं चालतं. २६ ते २५ असेल तर १४ तारखेचा दिवस २५ ला बंद होणाऱ्या हिशेबात जातो. ३० ला मेल आला तेव्हा पेरोल लॉक झालेलं असतं, दिवस बिनपगारी पडलेला असतो. तो कायमचा बुडतो असं नाही, मंजुरी मिळाली तर पुढच्या पगारात थकबाकी म्हणून येऊ शकतो. पण तोवर ‘पगार कापताच येत नाही’ म्हणणारा आपला कापलेला पगार बघत बसतो. विनंती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी टाका.

टाकून मोकळं होऊ नका मात्र. ती आधी रिपोर्टिंग मॅनेजरकडे जाते, ते रजेवर असले तर तिथेच पडून राहते, आणि काही सिस्टिममध्ये कटऑफनंतर, म्हणजे हजेरीचा हिशेब बंद झाल्यावर, आपोआप रद्द होते. कटऑफच्या दोन दिवस आधी पोर्टल उघडून स्थिती ‘मंजूर’ आहे का ते बघा. आणि त्याखाली त्या दिवसाचे एकूण तास किती दाखवतंय, तेही.