1,200 लोक आणि 4 टक्क्यांची आघाडी: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "महाराष्ट्रात साडेनऊ कोटींच्या वर मतदार आहेत आणि तुम्ही 1,200 जणांना विचारून ±2.8 टक्के म्हणता? निदान एक लाख लोक तरी हवेत. बरं, तुमच्याच उदाहरणात 'अ'ला 45 टक्के, 'ब'ला 41. फरक 4 चा, तुमच्या 2.8 पेक्षा जास्त. तरी तुम्ही लिहिता की आघाडी स्पष्ट नाही. स्वतःचंच गणित तुम्हाला मान्य नाही का?"

नमस्कार. दुसरा मुद्दा निवडणूक सर्व्हेवरच्या माझ्या लेखातली एक उणीव नेमकी दाखवतो. मार्जिन म्हणजे थोड्याच लोकांना विचारल्यामुळे आकडा किती वर-खाली होऊ शकतो ती मर्यादा. आघाडीची मार्जिन वेगळी काढावी लागते, हे मी लेखात सांगायलाच हवं होतं. पण आधी 2.8 हा आकडा येतो कुठून ते पाहू, कारण बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

टक्के क्षणभर बाजूला ठेवू आणि माणसं मोजू. समजा, राज्यात खरोखर 45 टक्के लोक 'अ'च्या बाजूने आहेत. चिठ्ठ्या टाकून 1,200 जण निवडले तर त्यात 'अ'वाले सरासरी 540 येतील. दर वेळी बरोबर 540 येणार नाहीत, कधी 528 तर कधी 559. हा चढउतार किती, हे √(1200 × 0.45 × 0.55) एवढ्यावर ठरतं, म्हणजे साधारण 17 माणसं. अशा हजारो निवडींचे आकडे आलेखावर मांडले तर घंटेच्या आकाराचा नॉर्मल वक्र दिसतो. त्या वक्राचा 95 टक्के भाग मध्यापासून दोन्ही बाजूंना 1.96 × 17, म्हणजे सुमारे 34 माणसांच्या आत येतो. 1,200 पैकी 34 म्हणजे 2.8 टक्के.

प्रत्यक्षात खरा आकडा आपल्याला माहीत नसतो, म्हणून हातात आलेले 45 टक्केच सूत्रात घालतो आणि 42.2 ते 47.8 असा पट्टा काढतो. 95 टक्के या आकड्याचा अर्थ एवढाच, की याच पद्धतीने शंभर सर्व्हे केले तर त्यातल्या साधारण 95 सर्व्हेंच्या पट्ट्यात खरा आकडा सापडेल.

आता वरच्या हिशोबात साडेनऊ कोटी कुठे आले? आलेच नाहीत. एकूण लोकसंख्येसाठी एक दुरुस्ती असते: मार्जिनला √((N − n)/(N − 1)) ने गुणायचं, यात N म्हणजे एकूण मतदार आणि n म्हणजे विचारलेले लोक. 12,000 मतदारांच्या गावात 1,200 जणांना विचारलं तर 2.81 चे 2.67 होतात. साडेनऊ कोटींसाठी हा गुणक जवळजवळ 1 च असतो, त्यामुळे 2.81 तसेच राहतात. गाव ते राज्य एवढी मोठी उडी मारूनही फरक पडतो 0.14 चा. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं केवढं आहे हे कुणी विचारत नाही. भात सगळीकडे सारखा शिजलाय का, शीत वरवरचंच तर उचललं नाही ना, हे मात्र विचारायलाच हवं.

म्हणूनच "एक लाख तरी हवेत" हे मला पटत नाही. 1936 च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि जवळपास 24 लाख परत आल्या. त्यावरून त्यांनी लँडन यांना 57 आणि रुझवेल्ट यांना 43 टक्के दिले. आपल्या सूत्राने 24 लाखांची मार्जिन निघते 0.06 टक्के. प्रत्यक्षात रुझवेल्ट यांना जवळपास 61 टक्के मतं पडली. चूक 18 टक्क्यांची. पत्ते बरेचसे टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतलेले, म्हणजे मंदीच्या काळातल्या खात्यापित्या घरांचे. त्यातही उत्तर पाठवलं ते चारात एकाने. मार्जिन ऑफ एरर फक्त चिठ्ठ्यांच्या नशिबाचा हिशोब ठेवते. कुणाची चिठ्ठी डब्यात पडलीच नाही, हे तिला कळण्याचा मार्गच नाही.

आता तुमचा दुसरा मुद्दा. ±2.8 ही एकट्या 'अ'च्या टक्क्याची मार्जिन आहे. आघाडी म्हणजे दोन टक्क्यांची वजाबाकी, आणि हे दोन्ही टक्के त्याच 1,200 माणसांतून आलेले. 'अ' म्हणणाऱ्या एका माणसाच्या जागी 'ब' म्हणणारा निवडला गेला, तर 'अ'चा एक कमी होतो आणि 'ब'चा एक वाढतो. आघाडी दोन माणसांनी घसरते. त्यामुळे आघाडीची मार्जिन एकट्या टक्क्याच्या जवळपास दुप्पट असते. शीटमध्ये ही दोन सूत्रं घालून पाहा:

```
=1.96*SQRT(0.45*0.55/1200)
=1.96*SQRT((0.45+0.41-(0.45-0.41)^2)/1200)
```

पहिल्याचं उत्तर 0.028, दुसऱ्याचं 0.052. म्हणजे आघाडी 4 ± 5.2, पट्टा −1.2 ते 9.2. शून्य या पट्ट्याच्या आत आहे, म्हणून "स्पष्ट नाही" असं लिहिलं. 'अ' पुढे असण्याची शक्यता जास्त आहे हे खरंच. पण "पुढे आहे" असं ठासून सांगण्याइतका पुरावा या 1,200 उत्तरांत नाही. दोघांच्या मार्जिन सरळ बेरजेने 5.6 धरणारेही भेटतात. तो अंदाज थोडा जास्त निघतो, पण 2.8 ला चिकटून बसण्यापेक्षा बरा.

1,200 कमी पडतात ही तुमची शंका मात्र एका बाजूने खरी ठरते, फक्त कारण साडेनऊ कोटींचं नाही. वरचं सगळं गणित प्रत्येक माणूस स्वतंत्रपणे निवडला असं धरून चालतं. घरोघरी होणाऱ्या सर्व्हेत तसं नसतं. समजा, 60 ठिकाणं निवडली आणि प्रत्येक ठिकाणी 20 जणांना विचारलं. एका वस्तीतल्या लोकांची मतं एकमेकांशी जुळतात, त्यामुळे विसावा माणूस पहिल्याइतकी नवी माहिती देत नाही. 0 म्हणजे अजिबात साम्य नाही आणि 1 म्हणजे पूर्ण साम्य, या मापावर ते 0.05 धरलं, तर फुगवटा, म्हणजे तेवढ्याच अचूकतेसाठी किती पट लोक लागतील तो आकडा, 1 + 19 × 0.05 = 1.95. तुमचे 1,200 जण प्रत्यक्षात 615 जणांइतकंच काम करतात. मार्जिन √1.95 पटीने, म्हणजे जवळपास 1.4 पटीने वाढते: 2.8 चे 3.9 आणि आघाडीचे 5.2 चे 7.3.

मग 4 टक्क्यांची आघाडी ठामपणे सांगायला किती लोक लागतील? स्वतंत्र निवड असेल तर सुमारे 2,060. वीस-वीसच्या गटांत विचारलं तर त्याच्या 1.95 पट, म्हणजे साधारण 4,020 जण आणि 201 ठिकाणं. खर्च वाचवायला तीच 60 ठिकाणं ठेवून प्रत्येक ठिकाणी 67 जण घेतले, तर एकूण आकडा तोच 4,020 दिसेल. पण फुगवटा 1 + 66 × 0.05 = 4.3 होईल आणि हाती उरतील फक्त 935 जणांइतकी उत्तरं. पुढच्या वेळी सर्व्हेच्या बातमीत "4,000 जणांशी बोललो" असं वाचलंत, तर किती ठिकाणी बोलले ते आधी शोधा.