अडीच मिली की पंचवीस मिली?

आपल्या भागात शेतीचे व्हिडिओ करणाऱ्या सगळ्या पोरांसाठी ही पोस्ट आहे. मोठी आहे, पण वाचा. आज मला खरोखर संताप आलाय.

आमच्या आप्पांची औशाजवळ सोयाबीन आहे. सकाळी बांधावरूनच त्यांचा फोन आला. "अरे, दहा लिटरला पंचवीस मिली सांगायलाय का रं ह्यो? मला लई वाटायलंय. बघ की जरा." आप्पा सोयाबीनच्या फवारणीचा जो व्हिडिओ बघत होते, तोच मी लावून पाहिला. २.५ मिली लिहिलेलं होतं. बारीक पिवळी अक्षरं, मागं उन्हात चमकणारी सोयाबीनची पानं, आणि दोन आकड्यांमधला तो टिंब नेमका एका पांढुरक्या पानावर आलेला. दोन-तीन सेकंदात मजकूर गायब. तोंडानं आकडा सांगायचा, तर तेही नाही. "स्क्रीनवर दाखवलेल्या प्रमाणात घ्यावे" म्हणून भाऊ पुढं गेले.

दहापट औषध! आप्पांना शंका आली म्हणून त्यांनी विचारलं. ज्यांना विचारायला घरात कुणी नाही, त्यांनी काय करायचं?

कुणी म्हणेल, बाटलीसोबतचं माहितीपत्रक वाचावं. वाचावंच, मान्य. पण ते कसल्या अक्षरात छापतात ते तुम्हीही पाहिलंय.

मी डिझाइनचंच काम करतो. आधी फ्लेक्स आणि लग्नपत्रिका, आता थंबनेलही. त्यामुळं ही गडबड कुठं होते ते मला माहीत आहे. आपण थंबनेल करतो कॉम्प्युटरवर, १२८० बाय ७२० च्या पानावर, झूम करून. समोर हातभर मोठं चित्र असतं, सगळं छान दिसतं. तेच फोनवर सर्चमध्ये किंवा व्हिडिओखालच्या यादीत आलं की बऱ्याचदा तीनेक सेंटीमीटर रुंद उरतं. उंची मग पावणेदोन सेंटीमीटरच्या आत. तुम्ही ६० पिक्सेलचं अक्षर टाकलं असेल तर फोनवर त्याचे झाले जेमतेम दीड मिलिमीटर, आणि त्यातच वरची वेलांटी आणि खालचा उकारही आला. अक्षराचं अंग मिलिमीटरभरही राहत नाही. होम पेजवर तेच चित्र स्क्रीनभर दिसतं हे खरं, पण त्या भरवशावर राहू नका.

त्याच चॅनेलचं थंबनेल बघा. "सोयाबीनवरील चक्रीभुंगा व खोडमाशी या किडींचे एकात्मिक व्यवस्थापन कसे करावे? संपूर्ण माहिती." चार ओळी. हिरव्या शेतावर लाल अक्षर, त्याला पांढरी जाड किनार, किनारीला पिवळी चमक. वर भाऊंचा फोटो, लोगो, घंटा. शीर्षक तर थंबनेलच्या खाली आपोआप येतंच. तेच पुन्हा चित्रात कशाला कोंबायचं?

हेच मी असं केलं असतं. चक्रीभुंगा देठावर किंवा खोडावर दोन गोल खाचा पाडतो आणि त्याच्या वरचा भाग सुकतो. त्या दोन खाचांचा अगदी जवळून काढलेला फोटो, अर्धं चित्र भरून. ज्याच्या रानात हा किडा आहे तो ते देठ लगेच ओळखतो. उरलेल्या अर्ध्यात काळी पट्टी आणि पिवळ्या अक्षरात एकच शब्द: चक्रीभुंगा. अक्षराची उंची दीडशे पिक्सेलच्या आसपास, म्हणजे फोनवर साडेतीन मिलिमीटर. हे आप्पांना चष्म्याशिवायही दिसेल. उजवा खालचा कोपरा मोकळा, कारण तिथं व्हिडिओची वेळ येऊन बसते. भाऊंचा फोटो नाही. राग आला तरी चालेल.

लाल-हिरव्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळे तिथंच फसतात. दोन रंग वेगळे दिसले म्हणजे अक्षर वाचता येईलच असं नसतं. उजेडातला फरक लागतो. काळ्यावर पांढरं घेतलं तर हा फरक २१ पट असतो. वेबसाइटसाठी जो नियम जगभर पाळतात त्यात साध्या मजकुराला किमान साडेचार पट आणि मोठ्या अक्षराला किमान तीन पट फरक मागतात. हिरव्यावर भडक लाल टाकलंत तर तो कधी कधी भरतो जेमतेम सव्वा पट! त्यात व्हिडिओची फाइल लहान करताना उजेड-अंधाराची नोंद प्रत्येक ठिपक्याची ठेवतात, पण रंगाची नोंद सहसा चार ठिपक्यांत मिळून एकच असते. म्हणून फक्त रंगाच्या जोरावर उभं असलेलं अक्षर कडेनं फिसकटतं. रेंज कमी म्हणून १४४ वर बघणाऱ्याला तर तिथं नुसता डाग दिसतो.

तपासायला सोपं आहे. थंबनेल फोनमध्ये घ्या आणि गॅलरीतल्या फिल्टरनं ब्लॅक अँड व्हाइट करा. अक्षर पुसट झालं की समजायचं, उन्हात ते जाणार. आणि आपल्याकडचं ऊन मी काय सांगू! भर दुपारी स्क्रीनवर आभाळ दिसतं आणि काळा रंग राखाडी होतो. शेतात बघायच्या मजकुरासाठी म्हणून पांढऱ्या पट्टीवर ठळक काळं अक्षर मला जास्त भरवशाचं वाटतं.

जाड किनारीचंही तेच. इंग्रजी अक्षराला ती झेपते, आपल्याला नाही. "भ" आणि "म", "घ" आणि "ध" यांच्यातला फरक छोट्याशा गाठीचा. किनार आत घुसली की गाठ बुजते, "ष"चं पोट भरून जातं आणि अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो. किनार द्यायचीच तर अक्षराच्या मागच्या लेयरवर द्या, पुढं नको. फॉन्ट साधा घ्या. मुक्ता किंवा बलूचं ठळक वजन फुकट मिळतं आणि कामाला पुरतं.

चिडून लिहितोय, पण त्या चॅनेलवाल्या पोराबद्दल माझ्या मनात वाईट नाही. माहिती चांगली असते त्याची, स्वतः रानात उभा राहून सांगतो. आप्पा उगीच नाही त्याचे सगळे व्हिडिओ बघत. त्याला मी मेसेज केलाय की चढवलेला व्हिडिओ बदलता येत नाही, पण पहिल्या कमेंटमध्ये प्रमाण लिहून ती पिन कर, आजच्या आज. आणि आकड्यात नको, अक्षरात लिही: अडीच मिली. दीड, अडीच, साडेतीन, पाऊण हे शब्द आपल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहेत. त्यात हरवायला टिंबच नाही. पुढच्या व्हिडिओत प्रमाण तोंडानं दोनदा सांग आणि तेच अक्षरात पूर्ण पट्टीवर आठ-दहा सेकंद थांबू दे, म्हणजे माणसाला पॉज करून स्क्रीनशॉट काढता येईल.

भरगच्च थंबनेलला क्लिक जास्त येतात, असं दोघा-तिघांनी मला ऐकवलंय. येतही असतील. औषधाच्या व्हिडिओत मला ते ऐकायचंच नाही.

बाजारभाववाल्यांनाही एक सांगणं. लातूरच्या आडतीतले सगळे भाव एकाच उभ्या स्क्रीनवर पंधरा ओळींत टाकता, त्यातल्या खालच्या ओळी चॅनेलच्या नावाखाली जातात आणि उजवीकडचे आकडे लाइक-शेअरच्या बटणांखाली. भाव नेमका उजवीकडंच लिहिलेला असतो! एका वेळी एकच माल दाखवा. आधी सोयाबीन, मग तूर, मग हरभरा. वर मालाचं नाव, मधोमध किमान आणि कमाल भाव, खाली तारीख, पण बटणांच्या बरीच वर. तारीख मोठी लिहा, नाहीतर गेल्या आठवड्याचा भाव बघून माणूस गाडी भरून निघतो.