डोळ्यांखालचा जाहीरनामा

रात्री झोप झाली नाही, हे मी कुणाला सांगत नाही. सांगावं लागतच नाही. लोक माझ्या डोळ्यांखाली बघतात आणि आवाज उतरवून "सगळं ठीक ना?" म्हणतात. मग घरात सगळे सुखरूप आहेत ना, अशी मलाच शंका येते.

खालच्या पापणीची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, शिवाय तिच्याखाली चरबीचं अस्तर जवळपास नाहीच. पडदा लावायचा तिथे मलमल लावल्यासारखं. आतल्या शिरा आणि स्नायू त्यातून निळसर-जांभळे दिसतात. दिसतात रोजच, पण जागरणानं चेहरा फिका पडतो आणि तोच निळेपणा उठून दिसतो. भरीला पापणी सुजते. वरून दिवा असला की त्या फुगवट्याची सावली खालच्या खळगीत पडते.

म्हणजे गुन्हेगार दोन : रंग आणि सावली. ओळख पटवायची तर खिडकीकडे तोंड करून आरसा धरावा. समोरून उजेड आला की सावली पळते. उरतो तो रंग.

हे माझ्या ताईनं शिकवलं. एका लग्नाला निघताना तिनं माझा चेहरा ताब्यात घेतला. आधी थोडं मॉइश्चरायझर, ते मुरेपर्यंत माझी चुळबुळ. मग नारिंगी करेक्टरचा ठिपका, कारण नारिंगी निळ्याला मारतो. थेट त्वचेच्या रंगाचं कन्सीलर निळ्यावर लावलं तर राखाडी कळा येते, आणि माणूस थकलेला होता तो आजारी दिसू लागतो.

"अरे, चोळतोस काय? अनामिकेनं थोपट!" ताई ओरडली. चोळलं की लावलेलं सगळं बाजूला सरकतं. वरून माझ्या रंगाचं कन्सीलर, तेही नावापुरतं. निळेपणा खरोखर गेला. मी खूश.

मग मी दिव्याखाली गेलो. फुगवटा जिथल्या तिथे, सावलीही हजर. "अजून थोडं उजळ लाव ना," मी म्हणालो. त्यावर ताईनं शांतपणे माझ्या फुगवट्यावर उजळ ठिपका लावून दाखवला. उजळ भाग पुढे आल्यासारखा दिसतो, त्यामुळे पिशवी दुप्पट झाली. तो पुसून तिनं खालच्या खळगीतल्या रेघेवर तेवढी उजळ छटा टेकवली. सावली जराशी निवळली. सूज मात्र कुठल्याही डबीला दाद देत नाही. फार तर गार पाण्याची पट्टी काही मिनिटं ठेवावी. नाहीतर आडवं असताना साचलेलं पाणी उभं राहिल्यावर हळूहळू आपणच उतरतं.

तसं ते दुपारपर्यंत उतरलंही. तोवर हसून हसून कन्सीलर बारीक सुरकुत्यांत जाऊन बसलं होतं. आता कुणी झोपेबद्दल विचारलं नाही. वय विचारलं.